फोटोवरून तक्ता उतरवणारं अॅप: गुळाच्या पट्ट्यांवरचा काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानाचा हिशेब मी बघते. सौद्याच्या छापील पट्ट्यांचे फोटो काढायचे आणि मोबाईलच्या स्प्रेडशीटमधल्या ‘फोटोवरून तक्ता’ या पर्यायानं ते उतरवून घ्यायचे, असं गेले काही महिने चाललंय. आकडे ठळक छापलेले असले की काम झटपट होतं. मराठी नावं त्याला वाचता येत नाहीत, ती मी हातानं घालते. पण खरा प्रश्न रिकाम्या चौकटींचा आहे.

एक पट्टी घ्या. शेतकऱ्याचं नाव तीन ओळींना मिळून एकाच मोठ्या चौकटीत आहे. गूळ ३० किलोच्या रव्यांचा. पहिल्या प्रतीचे ९ क्विंटल, दर ४,३००. दुसरीचे ६ क्विंटल, दर ४,०००. तिसरीचे ३ क्विंटल, पण त्या दिवशी सौदाच झाला नाही, म्हणून दराची जागा कोरी. अॅप नाव फक्त पहिल्या ओळीत ठेवतं आणि खालच्या दोन ओळी मोकळ्या सोडतं. दराची चौकटही मोकळीच. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पण नाव त्या तिन्ही ओळींचं आहे आणि दर मात्र मुळात ठरलेलाच नाही.

इथं बरेच जण सगळा तक्ता निवडून रिकाम्या जागांत वरचीच किंमत भरतात. मग तिसऱ्या प्रतीला ४,००० दर चिकटतो आणि न झालेल्या विक्रीचे १२,००० रुपये हिशेबात येतात. पट्टीच्या तळाशी छापलेली बेरीज ६२,७००, आपली ७४,७००. बेरीज जुळवून पाहिली तरच हे कळतं. शून्य घातलं तर बेरीज जुळते, पण AVERAGE ते शून्य धरतं आणि सरासरी दर ४,१५० वरून २,७६७ वर येतो.

म्हणून मी वरची किंमत खाली ओढते ती फक्त नावाच्या रकान्यात. कागदावरच कोरं असेल तिथं ‘कोरे’ लिहिते. घडीत किंवा सावलीत आकडा गेला असेल तिथं ‘वाचेना’. तो मूळ पट्टी बघूनच भरायचा. बेरजेतून उलटा काढलेला आकडा असेल तर त्याच्या शेजारी तसं लिहून ठेवते, कारण तो कागदावर वाचलेला नसतो. दराच्या रकान्यात असे शब्द असले तरी SUM आणि AVERAGE ते सोडून देतात. थेट + नं बेरीज केली तर मात्र #VALUE! येतं. शेवटी हे सूत्र लावते:

```
=COUNTBLANK(A2:F40)
```

उत्तर शून्य येत नाही तोवर कुठली तरी चौकट मी पाहिलेली नाही.

आणखी एक त्रास आहे. वजनाची चौकट कोरी असली आणि उभ्या रेषा पुसट असल्या, तर अॅप कधीकधी दर डावीकडे सरकवून वजनात टाकतं. वजनाच्या रकान्यात ४,००० दिसलं की चटकन ओळखू येतं. रव्यांची संख्या आणि वजन सरकलं की मात्र तितकं दिसत नाही. तिथं रवे गुणिले ३० किलो करून पाहावं लागतं. फोटो अगदी वरून, सरळ आणि रेषा स्पष्ट दिसतील असा काढला की हे बरंच कमी होतं.

स्वच्छ छापील पट्ट्यांसाठी मी हे वापरतच राहणार. हातानं खाडाखोड केलेल्या पट्ट्या मात्र मी सरळ टाईपच करते.