बिलात क्लच प्लेट होती, पॅकिंग नव्हतं

दर पंधरा दिवसांनी मी पुण्याहून वाईला गावी जातो, १२५ सीसीच्या मोटरसायकलवर. मार्चमध्ये खंबाटकीचा चढ चढताना एक्सलेटर पिळला की इंजिन ओरडायचं, पण गाडी पुढे सरकायला तयार नसायची. मागून एसटी आली की पोटात गोळा यायचा. पुण्यात परतल्यावर हायवेलगतच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी लावली. काचेचं ऑफिस, वेटिंगला सोफा, संगणकावरचं बिल. संध्याकाळी ३,५३० रुपये भरले आणि बिल न वाचताच खिशात घातलं. पहिली चूक तीच.

बिल असं होतं: क्लच प्लेट सेट १,२८०, क्लच लेबर ५५०, मागची ट्यूब ३९०, चेसिस अलाइनमेंट ७००, इंजिन ऑइल ४६०, वॉशिंग १५०. वर कोपऱ्यात ओडोमीटर ४१,०००.

पुढचे पाच आठवडे गावी जाणं झालं नाही, शहरात गाडी झकास चालली. मग पुन्हा गावी निघालो आणि खंबाटकीत, जवळपास त्याच वळणावर, पुन्हा तेच. इंजिनाचा नुसता आवाज.

यावेळी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. एका गाळ्यात एकटाच काम करणारा माणूस. बिल त्याच्या हातात दिलं. ते वाचायच्या आधी त्याने क्लचचं लिव्हर बोटाने हलवून बघितलं. लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर टोकाशी १० ते २० मिलिमीटर ते मोकळं हलायला हवं, मग दाब लागायला हवा. याला हे लोक प्ले म्हणतात. प्ले अजिबात नसेल तर केबल सतत थोडी ओढलेली राहते, प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्या जात नाहीत आणि क्लच स्लिप होतो, म्हणजे इंजिनाचा जोर चाकापर्यंत पुरता पोचत नाही. माझा प्ले बरोबर होता. "केबल सेट केलीय त्यांनी," तो म्हणाला, "म्हणून शहरात बरी चालली असेल."

मग तो उजव्या बाजूला खाली बसला आणि मला बोलावलं. क्लचच्या कव्हरचे बोल्ट दाखवले. बोल्टांच्या डोक्याभोवती सुकलेला चिखल आणि तेलकट धूळ घट्ट बसली होती, कित्येक महिन्यांची. पाना लागल्याची एक चकाकती खूण नव्हती.

"साहेब, हे कव्हर कुणी उघडलेलंच नाही. आणि बिल बघा, पॅकिंग कुठंय?"

खरी मेख इथे आहे. अशा मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर ऑइल काढायचं, किक काढायची, उजवं कव्हर उघडायचं. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं पातळ पॅकिंग असतं, ते उघडताना बहुतेक वेळा फाटतं. जुनंच परत बसवलं तर तिथून ऑइल झिरपतं. म्हणून प्लेटा बदलल्या की बिलात शंभर-सव्वाशे रुपयांचं पॅकिंग येतंच. माझ्या बिलात बाराशेऐंशीचा सेट होता, पण पॅकिंग नव्हतं. ऑइल होतं, पण ते तर साध्या सर्व्हिसिंगलाही बदलतात.

माझ्यासमोरच त्याने कव्हर उघडलं. आतलं पॅकिंग कंपनीचं, कडक होऊन कव्हरला चिकटलेलं. ते खरवडून काढायलाच वीस मिनिटं गेली. प्लेटा बाहेर आल्या तेव्हा लोखंडी प्लेटांवर निळसर-काळे डाग होते. घासून तापल्या की असे पडतात. ज्यांवर घर्षणाचं अस्तर असतं त्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्या: २.४ मिलिमीटर. नव्या साधारण ३ च्या असतात, माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा २.६ आहे. म्हणजे गॅरेजवाल्यांचं निदान अगदी बरोबर होतं. प्लेटा खरंच संपल्या होत्या. त्यांनी पैसे घेतले आणि प्लेटा तेवढ्या बदलल्या नाहीत. खोटा आजार सांगून लुटलं असतं तर कदाचित कमी राग आला असता.

ट्यूबचं मी आधीच ओळखायला हवं होतं. माझे दोन्ही टायर ट्यूबलेस, तसं टायरवर लिहिलेलंच आहे. त्यात हवा टायर आणि रिम यांच्यामध्येच कोंडलेली असते, आणि पंक्चर बाहेरूनच स्ट्रिप भरून काढतात. पण एक सांगायला हवं: बिलावर ट्यूब दिसली की लगेच चोरी, असं नसतं. रिम वाकली किंवा कडेने हवा जात राहिली की काही जण ट्यूबलेस टायरमध्येही ट्यूब टाकतात. ते चाकावर दिसतं. रिममधून बाहेर आलेल्या ट्यूबच्या वॉल्वला सहसा धातूचा नट असतो. माझा वॉल्व पूर्वीचाच, जाड रबराच्या बुडाचा, रिममध्ये थेट बसवलेला होता. ट्यूब आत गेलीच नव्हती.

चेसिस अलाइनमेंटवर मेकॅनिक नुसता हसला. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. अपघातात तो वाकला तर मशिनवर चढवून सरळ करतात. माझी गाडी कधी जोरात पडलेली नाही. त्यांनी फार तर चेन ताणून मागचं चाक दोन्हीकडच्या खुणांना जुळवलं असेल, जे सर्व्हिसिंगमध्ये तसंही करतात. नाव मोठं, भाव मोठा.

राहिला ओडोमीटर. गाडी टाकली त्या दिवशी पेट्रोल भरताना मी मीटरचा फोटो काढला होता, मायलेज मोजायची सवय म्हणून. त्यात ३८,४१२. बिलावर सरळ ४१,०००. मला ती टायपिंगची चूक वाटली. मेकॅनिकला नाही वाटली: "चाळीस हजार झाले म्हटलं की क्लच, चेन, काहीही गिऱ्हाइकाच्या गळी उतरतं." पुढचा त्रास वेगळाच आहे. उद्या गाडी विकायला काढली आणि घेणाऱ्याने हे बिल बघून मीटरवर ३९ हजार वाचले, तर मीटर मागे फिरवल्याचा आळ माझ्यावर येणार.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. जुन्या प्लेटा मागितल्या. उत्तर तयार होतं, "भंगारात गेल्या." मग मोबाइलवर काढलेले बोल्टांचे आणि पॅकिंगचे फोटो काउंटरवर ठेवले आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकतोय म्हणालो. मॅनेजर आतून आले, "अहो साहेब, बसा ना," झालं, चहा आला. क्लचचे, त्याच्या लेबरचे आणि ट्यूबचे मिळून २,२२० रुपये परत दिले. चेसिसचे सातशे दिले नाहीत, "काम झालंय" म्हणे. बिलावरचा आकडा बदलायला संगणक तयार नव्हता म्हणून त्याच बिलावर पेनाने ३८,४१२ लिहून सही-शिक्का घेतला.

आता गाडी कुठेही टाकली तरी जॉबकार्डवर रनिंग माझ्यादेखत लिहून घेतो आणि जुने पार्ट पिशवीत घालून ठेवायला आधीच सांगतो. काही जण तोंड वाकडं करतात. गल्लीतल्या मेकॅनिकने जुन्या प्लेटा न मागताच हातात दिल्या होत्या. त्या अजून गॅलरीत, कुंडीच्या मागे पडल्यात.

गेल्या आठवड्यात मीटरवर खरेखुरे ४१,००० झाले. बिलातल्या आकड्याला गाठायला गाडीला सात महिने लागले.