‘ठरल्या वेळी दारात, दर आधी हातात’: आठ महिने वापरलेल्या घोषवाक्याचा अनुभव

दादा नळाची कामं करतो, मामा वायरिंगचं बघतात, एक सुतार गरजेप्रमाणे येतो आणि फोन माझ्याकडं असतो. जुळे सोलापुरात राहून शहरभर घरदुरुस्तीची बुकिंग घेतो. पूर्वी आमच्या कार्डावर ‘योग्य दरात तत्पर सेवा’ असं छापलेलं होतं. ते वाचून फोन करणारा प्रत्येक जण पहिल्या दोन वाक्यांत हेच विचारायचा: कधी येणार आणि किती घेणार? ज्या वाक्याचं काम या दोन प्रश्नांची उत्तरं देणं, त्यानं दोन्ही प्रश्न तसेच ठेवले होते. ‘योग्य’ कुणाच्या मते योग्य आणि ‘तत्पर’ म्हणजे किती वाजता, हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

गेल्या ऑक्टोबरात ते काढून टाकलं. नवं वाक्य सुचायला महिना गेला. आधी ‘दहा म्हणजे दहा’ असं सुरू होणारं एक करून पाहिलं. चार ओळखीच्यांना वाचून दाखवलं तर दोघांनी विचारलं, फक्त दहा वाजताच येता का? मग ‘आधी आकडा, मग पाना’ सुचलं. कानाला ते छान लागत होतं, पण आकडा म्हटलं की कुणाला मटका आठवतो, तर कुणाला तारेवर टाकलेला चोरीचा आकडा. वीजकाम करणाऱ्यानं तो शब्द रिक्षावर लिहून फिरणं बरं नव्हे, असं मामांनीच सांगितलं. शेवटी ‘ठरल्या वेळी दारात, दर आधी हातात’ ठरलं. सहा शब्द, दोन ओळी, मागच्या गाडीवाल्याला सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या वाचून होतील इतके. ‘स्वस्त’ हा शब्द मुद्दाम घेतला नाही. वेळ पाळायची तर दिवसाची कामं कमी घ्यावी लागतात, आणि कामं कमी घेणाऱ्याला सर्वांत स्वस्त राहता येत नाही.

पेंटरनं पहिल्यांदा ‘दार आधी हातात’ असं रंगवलं. एका कान्यानं सगळा अर्थ गेला. तेव्हापासून रंगवण्याआधी मोठ्या अक्षरातला कागद देते आणि रंग ओला असतानाच समोर उभी राहून वाचते.

आता वापराबद्दल. वाक्याचे दोन भाग आहेत आणि दोघांनी वेगवेगळी परीक्षा घेतली.

‘ठरल्या वेळी’ हा भाग सोपा वाटला होता, पण सोलापुरात नळाच्या कामाची वेळ आपण एकट्यानं ठरवत नाही. इथं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं आणि ज्या भागात पाण्याचा दिवस असेल तिथले फोन एकदम वाजायला लागतात. हौद भरून वाहतोय, बॉल कॉक बंद होत नाही, मोटर पाणी उचलत नाही. त्याच दिवशी त्याच भागात दुसरीकडं पाणी येण्याच्या लाइनचं गळतीचं काम घेतलं असेल तर ते करताच येत नाही, कारण लाइनला जोर असतो. पहिल्या महिन्यात दर चार कामांत एकाला आम्ही उशिरा पोचलो. वही काढून पाहिलं तर चूक रस्त्यावर कमी आणि माझ्या फोनवर जास्त होती. मी दादाची कामं एकाला एक चिकटवून लावत होते. पहिलं काम अर्धा तास लांबलं की पुढचे तिघं ताटकळत बसायचे.

म्हणून दोन गोष्टी बदलल्या. नळाचं काम असेल तर वेळ देण्याआधी पहिला प्रश्न, ‘तुमच्याकडं पाणी कधी येणार?’ आणि दोन कामांमध्ये पाऊण तास रिकामा. दिवसाला सात कामं व्हायची, ती पाचवर आली. दादाला हे पटायला बराच वेळ लागला, कारण कमी झालेली दोन कामं त्याच्या खिशातली होती. आता पंधरा-वीस कामांत एखादा उशीर होतो. वेळही ‘दहाला’ अशी देत नाही, ‘दहा ते साडेदहा’ अशी देते. साडेदहा उलटले तर तपासणीचे दोनशे रुपये घ्यायचे नाहीत, हे ग्राहकाला फोनवरच सांगते.

‘दारात’ या शब्दानंही काम लावलं. सुरुवातीला कामाला गेलेला आमचा माणूस सोसायटीच्या गेटवरून ‘पोचलो’ म्हणायचा आणि मी वेळ लिहायचे. होटगी रोडच्या एका ताईंनी मला स्पष्ट विचारलं, तुमच्या वाक्यात दार लिहिलंय की गेट? त्यांचं बरोबर होतं. गेटवरची नोंद, लिफ्ट, गाडी लावायला जागा, यात वीस मिनिटं जातात. आता पोचल्याची वेळ ग्राहक स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर लिहितो.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र अर्ध्या तासाची वेळ देणं मी बंद केलं. नंदीध्वजांच्या मिरवणुका असतात, होम मैदानाच्या आजूबाजूला गाडी पुढं सरकत नाही. त्या दिवसांत त्या भागाला ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ एवढंच सांगितलं. न पाळता येणारी वेळ देण्यापेक्षा लोकांना ते चाललं.

खरी कसोटी दुसऱ्या भागानं घेतली. बटण बदलणं, नळ बदलणं, पंखा बसवणं यांचे दर फोनवर सांगता येतात. भिंतीला ओल आलीय म्हटल्यावर काय दर सांगणार? पूर्वी मी ‘तीनशेपासून अडीच हजारांपर्यंत’ म्हणायचे. याला दर म्हणत नाहीत. विजापूर रोडवरच्या एका घरातल्या कामानं आम्हाला यातली रीत शिकवली, म्हणून ते सविस्तर सांगते.

निवृत्त शिक्षक होते. न्हाणीघराच्या पलीकडच्या खोलीत, जमिनीपासून दोन फुटांवर ओलीचा डाग होता. फोनवर मी फक्त तपासणीचा दर सांगितला, दोनशे. दादानं आधी त्या न्हाणीघराला येणारा व्हॉल्व्ह बंद करून ठेवायला आणि बादलीनं पाणी आणून न्हाणीघर वापरत राहायला सांगितलं, आणि डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारली. दोन दिवसांनी डाग रेघेच्या आत आला असेल तर गळती पाणी आणणाऱ्या पाइपात, आणि तसाच राहिला किंवा वाढला तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर, म्हणजे नहाणी ट्रॅप किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. या दोन्ही कामांच्या खर्चात मोठा फरक आहे, त्यामुळं ही रेघ पाहिल्याशिवाय दर सांगणारा अंदाजानं सांगतोय असं समजावं.

डाग आत आला होता. मग त्या लाइनची तोंडं बंद करून हातपंपानं दाब दिला. काटा अर्ध्या तासात खाली आला, म्हणजे पाइपातच गळती. दादानं चिठ्ठी लिहिली: दोन टाइल फोडणे, सीपीव्हीसी पाइपाचा जोड बदलणे, पुन्हा दाब देऊन तपासणे, गिलावा. मजुरी बाराशे. सामान दुकानाच्या पावतीप्रमाणे, अंदाजे साडेतीनशे. नव्या टाइल आणि त्या बसवणे यात नाही. सरांनी सही केली, मग छिन्नी लागली.

टाइल काढल्यावर जोडाच्या वर दीड वितीवर दुसऱ्या एल्बोला बारीक तडा दिसला. दादानं मजुरीचे आणखी पाचशे सांगितले. सर शांतपणे म्हणाले, ‘मग दर आधी हातात कुठं राहिला?’ दादाकडं उत्तर नव्हतं. त्यानं मला फोन केला आणि माझ्याकडंही नव्हतं. आम्ही ते पाचशे घेतले नाहीत, फक्त एल्बोचे पैसे घेतले.

त्या रात्री बसून नियम केला. एकदा फोडलेल्या जागेत जे निघेल त्याची मजुरी पहिल्याच चिठ्ठीत आली असं धरायचं, वाढीव घ्यायचं ते फक्त सामानाचं. नवी जागा फोडायची असेल तर काम थांबवायचं, दुसरी चिठ्ठी लिहायची, आणि सही होईपर्यंत पाना खाली ठेवायचा. ग्राहक नको म्हणाला तर झालेल्या कामाचेच पैसे. यामुळं पहिल्या चिठ्ठीतली मजुरी आम्हाला थोडी वाढवावी लागली, कारण लपलेल्या तड्याची जोखीम आता आमच्यावर आहे. ते लपवत नाही, कुणी विचारलं की सांगते. काही लोक दर ऐकून दुसरीकडं जातात.

‘हातात’ हा शब्द यमकासाठी आला होता, पण सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. हातात म्हटल्यावर तोंडी सांगून चालत नाही, कागद द्यावाच लागतो. घरी म्हातारी माणसं असतात आणि पैसे देणारा मुलगा पुण्यात असतो, अशी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत. तिथं चिठ्ठीचा फोटो आधी मुलाच्या व्हॉट्सअॅपवर जातो, त्याचा होकार येतो, मग काम. पूर्वभागात तेलुगू बोलणारी घरं आहेत. यमक तेलुगूत उतरत नाही, पण चिठ्ठीवरचे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत.

असं वाक्य लिहिणाऱ्यानं कायद्याचीही थोडी माहिती ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जाहिरातीतली खोटी हमी दिशाभूल करणारी जाहिरात धरली जाते. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे खाली बारीक अक्षरात टाकलेली अट वरच्या मुख्य दाव्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत तर सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी थेंबाथेंबानं वाढवणं हा फसवणुकीचा प्रकार म्हणून वेगळा सांगितला आहे. मी हे वाचलं तेव्हा ‘अटी लागू’ असं खाली छापायचा विचार सोडून दिला. ज्या अटी आहेत त्या चिठ्ठीवर, दराच्याच आकाराच्या अक्षरात आहेत.

या वाक्याची एक मर्यादा मला अजून सोडवता आलेली नाही. रात्रीचं काम. रात्री अकराला एमसीबी पडतोय, जळका वास येतोय असा फोन येतो तेव्हा वेळ ठरवता येत नाही आणि चिठ्ठी लिहीत बसणं धोक्याचं असतं. तेव्हा मी सांगते, मेन स्विच बंद करा, मामा निघालेत, रात्रीच्या येण्याचे पाचशे होतील, बाकीचा दर उजेडात तार उघडून बघितल्यावर. मामा रात्री फक्त धोका काढतात, जळका भाग लाइनवरून वेगळा करतात आणि उरलेल्या घराची वीज सुरू करून परततात. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, चिठ्ठी लिहून. मे महिन्याच्या उकाड्यात एका खोलीचा पंखा रात्रभर बंद ठेवायला सांगणं जड जातं, आणि दोनदा लोक त्यावरून रागावलेही. पण रात्रीच्या घाईत सांगितलेला दर सकाळी खरा ठरत नाही, हे आम्ही ऑक्टोबरच्या आधी पुष्कळदा पाहिलं आहे.