मित्रांना बोलावणारं पत्र: मोकळं आमंत्रण की प्रश्न लिहिलेलं?

धंद्याची कल्पना मित्रांपुढे मांडायची, जमलं तर त्यांनाच सोबत घ्यायचं आणि त्यासाठी एका संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलवायचं, इथपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. अडतं ते पत्रापाशी. काय लिहायचं, किती लिहायचं आणि पैशांचं नाव काढायचं की नाही?

समजा, पुण्यात फराळाचा व्यवसाय करणारी एक उद्योजिका आहे. भाड्याच्या जागेत तिचं स्वयंपाकघर आहे. दिवाळीच्या आगेमागे तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी दुपारनंतर ते रिकामं असतं. हे स्वयंपाकघर चार जणांनी मिळून चालवता येईल का, असा विचार तिच्या डोक्यात आहे. सहा मित्रांना बोलवायचंय आणि तिच्यासमोर दोन मसुदे आहेत.

पहिला असा: ‘मंडळी, बरेच दिवस डोक्यात काहीतरी घोळतंय. शनिवारी संध्याकाळी घरी या. चहा, भजी आणि मनसोक्त गप्पा. आपण मिळून काहीतरी भन्नाट करू शकतो असं वाटतं. जे होईल ते सगळ्यांचं, सारखं वाटून.’

दुसरा असा: ‘माझं स्वयंपाकघर दुपारी दोननंतर रिकामं असतं, भाडं मात्र बारा महिने जातं. प्रश्न एकच आहे: या रिकाम्या तासांचं काय करता येईल? येण्याआधी प्रत्येकाने तीन कल्पना लिहून मला पाठवा, आपसात न बोलता. शनिवारी ७ ते ९ बसू, मग जेवू. त्या दिवशी पैशांचं काही ठरवायचं नाही. पटलं नाही तर तसं सांगा, मैत्रीत काही फरक पडणार नाही.’

पहिलं पत्र वाचायला गोड आहे आणि त्याला होकारही पटापट येतील. पण त्या संध्याकाळी काय होईल ते बघा. सहा पाहुणे आणि यजमानीण, म्हणजे सात तोंडं. तासाभराच्या चर्चेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेआठ मिनिटं येतात. बाकीचा वेळ दुसऱ्याचं ऐकण्यात आणि आपला मुद्दा विसरू नये म्हणून तो धरून ठेवण्यात जातो. त्यातही आपल्याकडे जो मोठ्याने बोलतो तो वीस मिनिटं खातो.

हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे एकत्र बसून भराभर कल्पना काढण्याची पद्धत, लोकप्रिय केली ती अॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातदाराने. १९५३च्या पुस्तकात त्याने त्याचे नियम मांडले: टीका नको, कल्पना जितक्या जास्त तितक्या बऱ्या, विचित्र कल्पनांनाही मुभा, एकाच्या कल्पनेवर दुसऱ्याने भर घालावी. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं गेलं, तेव्हा एकत्र बसलेल्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्यावर जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो आणि तोवर बाकीच्यांचं डोकं अडून राहतं.

म्हणून दुसऱ्या पत्रातली ‘आपसात न बोलता तीन कल्पना’ ही ओळ माझ्या मते त्या पत्राचा कणा आहे. सहा जणांच्या अठरा कल्पना बैठक सुरू होण्याआधीच हातात येतात. कोणाचंही नाव न घालता त्या कागदावर उतरवल्या की संध्याकाळ निवडीसाठी मोकळी राहते. सगळे पाठवणार नाहीत, हेही धरून चाला. न पाठवणाऱ्यांसाठी सुरुवातीची दहा मिनिटं गप्प बसून लिहायची ठेवावीत. पुणेकरांना ती दहा मिनिटं जड जातील, पण जमतं.

दुसऱ्या पत्राचाही एक धोका आहे. त्यात प्रश्नासोबत उत्तर लिहिलंत तर सगळं बिघडतं. ‘दुपारी इथे डब्यांचा व्यवसाय सुरू करावा असं मला वाटतं’ एवढं एक वाक्य घातलं, की आलेल्या अठरा कल्पनांपैकी बऱ्याचशा डब्यांच्या असतील: डायटचे डबे, ज्येष्ठांचे डबे, होस्टेलचे डबे. ते तास दुसऱ्या फराळवालीला भाड्याने द्यावेत, किंवा तिथे स्वयंपाकाचे वर्ग घ्यावेत, हे कोणाला सुचणारच नाही. तुमचा कल असला तरी पत्रात तो दाखवू नका. रिकामे तास, ओट्यांची आणि गॅसची सोय, कोणते महिने भरलेले असतात, एवढी माहिती मात्र द्या. ती नसेल तर लोक हवेत बोलतात.

आता पैशांची ओळ. ‘सगळ्यांचं, सारखं वाटून’ हे प्रेमाने लिहिलेलं असतं, पण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रेम बघत नाही. सगळ्यांनी मिळून किंवा सगळ्यांच्या वतीने चालवलेल्या व्यवसायाचा नफा वाटून घ्यायचं ठरलं, की भागीदारी होऊ शकते. लेखी करार किंवा नोंदणी नसली म्हणून ती टळत नाही. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखाच वाटला जातो. शिवाय भागीदारी व्यवसायाच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार असतो. नुसत्या चहाच्या आमंत्रणाने कोणी भागीदार होत नाही, व्यवसाय प्रत्यक्ष चालायला हवा. पण पुढे दोघांनी जागेत काम सुरू केलं, कागद केला नाही आणि वर्षभराने वाद झाला, तर हे पत्र कोणीतरी फोनमधून शोधून काढेल. कोणी किती भांडवल घातलं हा मुद्दा तेव्हा मागे पडेल आणि ‘सारखं’ हा शब्द पुढे येईल. हिश्श्याचं बोलणं पहिल्या संध्याकाळी नकोच, पत्रात तर अजिबात नको.

आणखी एक, छोटंसं. मित्रांपैकी कोणी आयटीत असेल तर पत्र त्याच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवू नका. अनेक कंपन्यांच्या करारात बाहेरच्या कामावर बंधनं असतात आणि ऑफिसच्या खात्यातलं पत्र कंपनीला वाचता येऊ शकतं.

मग पहिलं पत्र कधी बरं? तुमच्याकडे अजून प्रश्नच नसेल तेव्हा. नोकरी सोडलीये, थोडे पैसे बाजूला आहेत, कोणासोबत काय करावं ते कळत नाही, अशा वेळी तीन कल्पना मागण्यात अर्थ नाही. तिथे माणसं पारखायची असतात: कोण ऐकून घेतो, कोण वेळ पाळतो, कोण दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन करतो. त्यासाठी भजी आणि गप्पाच हव्यात. फक्त शेवटची ओळ खोडा.

फराळवालीच्या जागी मी असतो तर दुसरं पत्रच पाठवलं असतं, वर पहिल्यातली ‘डोक्यात काहीतरी घोळतंय’ ही ओळ ठेवून. नाहीतर ते सोसायटीच्या सभेच्या नोटिशीसारखं वाटतं. कल्पना पाठवायची मुदत गुरुवार रात्रीची ठेवली असती, म्हणजे शुक्रवारी त्या एका कागदावर उतरवायला वेळ मिळतो. आणि जेवण नऊनंतरच वाढलं असतं, कारण ताटं आली की त्या संध्याकाळचं काम तिथेच थांबतं.