आमसुलं म्हणून आगळ काढलेली सालं विकली. ठाणेकरांनो, सावध राहा

१३,१६० रुपये गेले माझे. २० किलो आमसुलं ५२० रुपये भावाने १०,४००, १२ किलो चिंच १५० ने १,८०० आणि ३ किलो आमचूर ३२० ने ९६०. आगाऊ ५,००० यूपीआयने दिले, उरलेले ८,१६० माल उतरवताना रोख. आकडे मुद्दाम लिहितेय, कारण ज्याला त्याला वाटतंय की "कोकमाचंच तर आहे, कितीसं असणार!" ठाण्यात डब्यांचा व्यवसाय करणाऱ्या बाईला विचारा कितीसं असतं ते.

मी रोज ५० डबे देते. आमटी, कढी, उसळ, शुक्रवारी सोलकढी. दिवसाला साधारण १०० ग्रॅम आमसुलं लागतात, म्हणजे महिन्याला अडीच किलो. नवी आमसुलं एप्रिल-मे मध्ये येतात, पाऊस लागला की सालं वाळवता येत नाहीत, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जुन्याच मालावर भागवायचं. म्हणून मे मध्येच भरून ठेवायची आमच्या धंद्यातली रीत आहे आणि ती चुकीची नाही. एरवी मी वाशीच्या मसाला मार्केटातून आणते. या वेळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी नंबर टाकला, "थेट कुडाळहून माल, मधला दलाल नाही." पाव किलोचा नमुना घरी आला. नमुना अस्सल होता, जांभळट काळा, मऊ, वाकवला तर तुटायचा नाही, आंबट वास नाकात शिरणारा. त्या नमुन्यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

टेम्पो आला मेच्या शेवटच्या आठवड्यात. आता तो क्षण सांगते, जो अजून झोपेत आठवतो. विकणाऱ्याने गोणीचं तोंड सोडलं आणि स्वतःच वरची मूठभर आमसुलं काढून माझ्या हातावर ठेवली. मी हात आत, खाली घालायला निघाले तर म्हणाला, "ताई, हात घामेजलेले आहेत, ओल लागली की बुरशी येते, नको." ओल लागली की बुरशी येते हे खरंच आहे! खरी गोष्ट सांगून त्याने माझा हात अडवला. गोणीचा तळही कडक लागत होता. आमसुलं दाबली की दबतात, इथे खाली खडे भरल्यासारखं वाटत होतं. ते मीठ होतं. खाली टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सोसायटीचा वॉचमन गाडी काढायला सांगत होता, आणि वर गॅसवर पन्नास जणांची भाजी होती. अशा वेळी गोणी रिकामी करून कोण बघतं?

घरात जुनी ३ किलो शिल्लक होती, ती आधी संपवली. नवी गोणी पावसात उघडली. वरची दोनेक किलो चांगली निघाली. त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी डबे घेणाऱ्यांचे फोन सुरू झाले: सोलकढी खारट आहे, गुलाबी दिसते पण आंबट नाही. तेव्हा गोणी चाळणीवर उलटी केली. १० किलोच्या एका गोणीत तळाशी सुटं मीठ १ किलो ८०० ग्रॅम निघालं! ५२० रुपये किलोने मीठ विकत घेतलं मी.

आणि ती सालं. चांगलं आमसूल करताना रतांबे फोडून, बी काढून, साल उन्हात वाळवतात आणि रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात. प्रत्येक पुटाने रंग आणि आंबटपणा वाढतो. आगळ काढताना नेमकं उलटं होतं, रतांब्याला मीठ लावून ठेवायचं की रस सुटतो. उरतं ते खारट, फिकं, सत्त्व गेलेलं साल. तेच मला विकलं, वरून रंग फासून. पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांत पाणी लालभडक झालं आणि साल तपकिरी पडलं. खऱ्या आमसुलाचं असं होत नाही. ते अर्धा तास भिजलं तरी साल गडदच राहतं आणि चावलं तर दात आंबतात.

घरी करता येईल अशी एक तपासणी सांगते. आमसूल भिजवलेल्या पाण्यात चिमटीने खायचा सोडा टाका. कोकमाचा नैसर्गिक लाल रंग सोड्याने बदलतो, निळसर-काळपट होतो. माझं पाणी तस्संच लाल राहिलं. कोणता रंग घातला हे यातून कळत नाही, पण रंग फळाचा नाही एवढं नक्की कळतं.

चिंचेचंही तेच. "यंदाची" म्हणाला, पण नवी चिंच तांबूस असते, ही काळी ठिक्कर. ढेप फोडली तर आत चिंचोके आणि शिरा, किलोमागे ३१० ग्रॅम. ढेप नेहमी मधून फोडून घ्या, बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. आमचुराबाबत एक खबरदारी. नेटवर आयोडीन टाकून पाहा असं सांगतात. कच्च्या आंब्यातच स्टार्च असतो, त्यामुळे चांगलं आमचूरही निळं पडतं. त्यापेक्षा आंबोशी आणून घरी दळा. आणि आमचुराचा साठा दोन महिन्यांच्या वर नको, पावसाळ्यात गोळे होतात आणि वास उडतो. वर्षभराची भरणी फक्त आमसुलांची, तीही दोन किलो पंधरा दिवस वापरून बघितल्यावरच.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण." म्हणजे गोणीत मीठ भरून दिलं तरी माल मिळाला! सायबरच्या १९३० वर फोन केला तर म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी कुणी घेतला नाही. अन्नविभागात गेले तर आधी बिल मागितलं. टेम्पोवाला बिल देतो का? मग नमुना तपासून द्या म्हटलं तर कायदा काढून दाखवला. अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ४०. खरेदीदार फी भरून माल तपासून घेऊ शकतो, माल खराब निघाला तर फी परत मिळते. पण खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगायला हवं! दोन महिन्यांनी गोणी उघडणाऱ्या बाईने मे महिन्यात टेम्पोवाल्याला सांगायला हवं होतं की बाबा रे, मी तुझी तपासणी करणार आहे. ज्याने हे वाक्य लिहिलं त्याने कधी घरचं वर्षाचं सामान भरलंय का? मी दोन पिशव्या घेऊन गेले होते, एकीत नमुना, एकीत मीठ. दोन्ही तशाच परत आणल्या. कुणी पिशवीचं तोंडही उघडलं नाही.

तो नंबर बंद आहे. पण ज्या खात्यावर ५,००० गेले ते खातं चालू आहे, हे बँकेनेच तोंडी सांगितलं, लेखी द्यायला मात्र तयार नाही.

घोडबंदर रोड, माजिवडा, नौपाडा भागात मे मध्ये "थेट कुडाळ" म्हणून कुणाकडून माल घेतला असेल तर आजच गोणी उलटी करून तळ बघा. मीठ वेगळं करून वजन करा, तोलकाट्यासकट फोटो काढा, सालं हवाबंद डब्यात ठेवा, व्यवहाराचा क्रमांक जपा. आणि मला कळवा. एकटीला चौकीतून परत पाठवता येतं, दहा जणींना पाठवून दाखवा.