एकच साळुंकी पाहायची, की सगळा थवा?

टाऊन हॉलच्या बागेत साळुंक्यांची नोंद कशी ठेवायची, असं भाची विचारत होती. आधी वर्तनसूची करावी: चोच मारणे, चालणे, पिसे साफ करणे, ओरडणे. ‘रागावणे’ नको, राग दिसत नाही, तो आपण ठरवतो.

प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये तपासलेल्या निरीक्षणाच्या पद्धतींपैकी दोन इथे जमतात. एकच पक्षी १० मिनिटे पाहिला, तर कशानंतर काय घडलं आणि किती वेळ चाललं, हे कळतं. मात्र तो झुडपात शिरला की ‘दिसत नाही’ असं लिहावंच लागतं. दर २ मिनिटांनी सगळ्यांवर नजर फिरवणं सोपं. पण क्षणभराची भांडणं निसटतात, उघड्यावरचे पक्षीच जास्त मोजले जातात.

भांडणाचा क्रम हवा असेल तर पहिली पद्धत, सकाळी थव्यातले किती चरतात एवढंच हवं असेल तर दुसरी.