‘बारा तास चालतं’ म्हणून घेतलेले डायपर

सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीचे पाच महिने मी रात्री दोनला उठून त्यांचा डायपर बदलायचे. जाहिरात बघून ज्याला फोन केला तो विक्रेता घरी आला, तेव्हा माझ्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. त्याने ती नक्कीच पाहिली असणार.

त्याने पिशवीतून एक जाडजूड डायपर काढला, टेबलावर पसरला आणि निळं पाणी भरलेली मोठी बाटली हळूहळू त्यावर ओतली. सगळं पाणी मुरलं. मग माझा हात धरून तो वर ठेवला. कोरडा. डायपर उलटा केला, तरी एक थेंब पडला नाही. “दीड लिटर घेतो ताई. रात्री दहाला लावा, सकाळी दहाला काढा. तुम्हीही झोपा, आजींनाही झोपू द्या.” मी दोन महिन्यांचा साठा एकदम घेतला, कारण एकदम घेतल्यावर सूट होती. माल पारदर्शक पिशव्यांतून आला. वर ना कंपनीचं नाव, ना बॅच नंबर, ना कमरेचं माप. विचारलं तर म्हणाला, कारखान्यातून थेट येतो म्हणून स्वस्त. मी मान डोलावली.

पहिल्या रात्री मी खरंच झोपले. सकाळी चादर मांडीच्या बाजूने ओली होती. त्याला फोन केला तर म्हणाला, “टेप सैल लावली असेल, नाहीतर दोन लावा एकावर एक.” तेही केलं. आता कळतं की तो सल्ला किती चुकीचा होता. आतल्या डायपरच्या पाठीला प्लॅस्टिक असतं, त्यामुळे त्यातलं पाणी बाहेरच्यात जातच नाही. आतला भरला की कडेने गळतो आणि कातडीवर उष्णतेचा आणखी एक थर मात्र चढतो. जोड म्हणून आत घालायचे पॅड वेगळे मिळतात, त्यांच्या पाठीला प्लॅस्टिक नसतं.

नवव्या दिवशी पुसताना माकडहाडावर नाण्याएवढा डाग दिसला. सासूबाईंचा वर्ण सावळा, त्यामुळे लालपेक्षा तो जांभळट काळपट वाटला. हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम आणि किंचित कडक. मी त्याला रॅश समजून पावडर लावली. तेराव्या दिवशी तिथली साल निघाली.

ड्रेसिंगला आलेल्या सिस्टरांनी आधी पावडर पुसून काढली, ओलाव्यात तिच्या गुठळ्या होऊन घासतात म्हणाल्या. मग मला दोन जागा वेगळ्या करून दाखवल्या. जांघेच्या घडीत आणि कुल्ल्यांवर पसरलेली, कडा नसलेली, चकचकीत लाली होती, ती ओलाव्याची. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, कातडीची नैसर्गिक आम्लता जाते, ती पांढरी पडून फुगते आणि मग थोड्या घासण्यानेही सोलवटते. माकडहाडावरची जखम मात्र हाडाच्या बरोबर वर, ठळक कडेची. ती दाबाची. “ओलाव्याने कातडी कच्ची झाली आणि दाबाने फाटली,” त्या म्हणाल्या. डाग दिसला तेव्हा बोटाने दाबून बघायला हवं होतं. बोट काढल्यावर क्षणभर फिकट होऊन रंग परत आला, तर तिथला रक्तपुरवठा अजून चालू असतो. रंग तसाच राहिला, तर बेडसोअर सुरू झालेला असतो. सावळ्या कातडीवर रंगाचा बदल नीट दिसत नाही, म्हणून गरमपणा आणि कडकपणा हाताने तपासायचा.

मग त्यांनी विचारलं, “रात्री कूस कधी बदलता?” मी गप्प. पूर्वी दोनला डायपर बदलायला उठायचे, तेव्हा कूसही आपोआप बदलली जायची. बारा तासांच्या डायपरने माझं ते उठणंच बंद केलं. दिवसा दर दोन तासांनी वळवत होते आणि रात्री सासूबाई सलग आठ तास एकाच हाडावर पडून होत्या.

विक्रेत्याने माल परत घ्यायला नकार दिला, “पॅकेट फोडलंय.” मग मी चिडून तपासायला बसले. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा डायपर ११० ग्रॅम भरला. रात्रभर लावलेला, कडेने गळून गेलेला, ६४० ग्रॅम. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर, म्हणजे दीड लिटरच्या गप्पा मारणारा डायपर अर्ध्या लिटरच्या थोडा पुढे हरत होता. एक कापूनही बघितला. आत कापसासारखा लगदा ठासून भरलेला, त्यामुळे जाड. ओलावा धरून जेल होणारे पांढरे दाणे चिमूटभर.

मग त्या दिवशी निळं पाणी कसं मुरलं? ते साधं पाणी होतं. हे दाणे साधं पाणी भरपूर पितात, पण क्षार असलेल्या पाण्यात त्यांची ताकद कित्येक पटींनी घटते, आणि लघवी खारट असते. शिवाय टेबलावर डायपरवर कुणी बसलेलं नव्हतं. मी लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातलं आणि डायपरच्या मधोमध ३०० मिलि ओतलं. दहा मिनिटांनी पुन्हा तेवढंच. मग वर कोरड्या टिश्यू पेपरची घडी आणि त्यावर पाच किलोची पिशवी, दोन मिनिटं. त्याच्या डायपरवरचा टिश्यू चिंब झाला, १४ ग्रॅमने वजन वाढलं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, बॅच नंबर छापलेल्या डायपरवर तीच कसोटी केली, तर वाढलं २ ग्रॅम. अंथरुणावर त्या टिश्यूच्या जागी कातडी असते.

छापील आकड्यालाही मी आता भुलत नाही. डायपर द्रवात बुडवून, निथळवून आलेला आकडा अंथरुणावर कधीच मिळत नाही, कारण लघवी एकाच जागी, एकदम येते आणि वरून माणसाचं वजन असतं. मी छापील आकड्याचा अर्धाच धरते. नवे डायपर घेण्याआधी तीन दिवस आमची गरज मोजली. काढलेल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा केलं. रात्री दहा ते दोन साधारण ३५० मिलि, दोन ते सहा ३०० मिलि. एवढ्याला मध्यम शोषणाचा डायपर पुरतो, मध्ये बदलायचा असेल तर. मापही कमरेवरून नाही, कुल्ल्यांच्या सर्वात रुंद भागावरून घेतलं आणि एक साइज कमी निघाली. गळती थांबली त्यात या साइजचाही मोठा वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शी झाली तर मात्र तासांचा हिशेब नाही, लगेच.

मलमातही मी चुकत होते. पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावायचे. तो डायपरच्या वरच्या पापुद्र्याला चिकटतो आणि पाणी आत जायची छिद्रं बुजतात. आता झिंक ऑक्साइडचा पातळ हात, तोही कातडी टिपून पूर्ण कोरडी झाल्यावर. आणि एअरबेडवर अंथरलेले तीन अंडरपॅड काढून एकच ठेवला, कारण इतक्या थरांवरून गादीचा फायदा पाठीपर्यंत पोचतच नव्हता.

जखम भरायला सात आठवडे लागले. त्या पिशव्यांतले उरलेले डायपर दिवसा, ड्रेसिंग बदलताना खाली पसरायला वापरून संपवले. रात्री दोनचा गजर पुन्हा लावलाय. उठते, बदलते, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं करते, आणि माकडहाडावर एकदा तळहात ठेवून बघते, गरम लागतंय का.