निनावी पत्र कोणाचं: डेल्टा मागवावी की तोतयांची कसोटी?

इंदूरच्या एका जुन्या वाड्यावरून दोन भावांत दावा चालू आहे आणि त्यात 400 शब्दांचं निनावी मराठी पत्र पुढे आलं आहे, असं धरू. ‘पण’, ‘तर’, ‘मग’, ‘म्हणून’ असे बारीक शब्द कोण किती वापरतो यावरून लेखक ठरवायचा, तर वकिलापुढे दोन पद्धती असतात: बरोज यांची 2002 सालची डेल्टा आणि कोपेल-विंटर यांची तोतयांची कसोटी. दोन्ही R या संगणकभाषेच्या `stylo` या पॅकेजमध्ये फुकट आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही.

डेल्टा न्यायाधीशांना समजावायला सोपी. पत्रात आणि प्रत्येक संशयिताच्या लेखनात प्रत्येक शब्दाचं प्रमाण सरासरीपासून किती ढळलं ते मोजायचं, त्या दोहोंतल्या फरकांची सरासरी काढायची, ज्याचा आकडा सर्वांत लहान तो जवळचा. पण मला खटकतं ते इथेच: ती कोणाचं तरी नाव देतेच. पत्र मुनीमजींनी लिहिलेलं असलं तरी दोघांपैकी एक भाऊ ‘जवळचा’ निघणारच. अमेरिकेतले निनावी ‘फेडरलिस्ट’ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, या वादात ‘upon’ या शब्दाने मोठं काम केलं, कारण दावेदार दोघेच आणि दोघांचं लेखन भरपूर होतं. आपल्याकडे थोरला हजारात 8 वेळा ‘पण’ लिहितो आणि धाकटा 5 वेळा, असं समजा. म्हणजे 400 शब्दांत अपेक्षा 3.2 आणि 2 ची. पत्रात तीन ‘पण’ सापडले, तर ते दोघांचेही असू शकतात.

तोतयांच्या कसोटीत संशयितांसोबत इतर लेखकांचे, म्हणजे तोतयांचे, मजकूर मिसळतात. दर फेरीला काही शब्द आणि काही तोतये चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. शंभर फेऱ्यांत संशयित किती वेळा सर्वांत जवळचा ठरला, ते प्रमाण म्हणजे त्याचा गुण. गुण मधल्या पट्ट्यात पडला तर उत्तर ‘सांगता येत नाही’. हे उत्तर देता येतं म्हणून माझा कौल बहुधा हिलाच. मात्र 0.87 गुण म्हणजे 87 टक्के शक्यता नव्हे, आणि अहवालात तसं लिहिलं असेल तर हरकत घ्यावी.

तोतये चुकले तर हीही फसते. पुण्याच्या वर्तमानपत्रांतले लेख तोतये म्हणून घेतले, तर हिंदी वळणाची इंदुरी मराठी लिहिणारा कोणताही माणूस पत्राच्या जवळ येईल. तोतये इंदूरचेच हवेत आणि मजकूर घरगुती पत्रांचेच. एका बाजूला पत्र आणि दुसऱ्या बाजूला कोर्टातला अर्ज चालणार नाही. शिवाय मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘साठी’ नामाला चिकटतात. ‘भावासाठी’ हा एकच शब्द मोजला गेला की ‘साठी’ हिशेबातून गळतो. तो वेगळा काढला का, हे तज्ज्ञाला विचारावं.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली तज्ज्ञाचं मत ग्राह्य असतं, पण ते मतच. उलटतपासणीत एक मागणी जरूर करावी: दोन्ही भावांच्या खात्रीच्या पत्रांचे 400 शब्दांचे तुकडे, नावं झाकून, त्याच पद्धतीतून काढून दाखवा, आणि किती चुकले ते सांगा.